पोळ्याची अमावास्या ते लक्ष्मीपूजन: फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी ५९ दिवस

आमची बुंदी देशी कुत्री आहे, आता सहा वर्षांची. ती दोन वर्षांची असतानाच्या लक्ष्मीपूजनाला आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटखाली सुतळी बॉम्बची पूर्ण पेटी फुटली. आम्ही सगळे पूजेत होतो. आरती संपल्यावर मागच्या बाथरूममधून खरडल्याचा आवाज आला म्हणून गेले, तर दाराच्या खालच्या पट्टीचा लाकडी भुसा फरशीवर पडला होता आणि त्यात रक्ताचे थेंब होते. पुढच्या पायाची दोन नखं मुळापासून उचकटली होती. तिने पुढचं अन्न खाल्लं ते भाऊबीजेच्या दुपारी. म्हणजे साधारण चाळीस तासांनी.

त्या दिवाळीनंतर मी लोकांना विचारलं, वाचलं, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे बसले, आणि चार वर्षं वही ठेवली. त्यातून कळलेली मुख्य गोष्ट ही, की दिवाळीच्या आठवड्यात कुत्र्याला काही शिकवता येत नाही. त्या आठवड्यात फक्त सांभाळता येतं. शिकवायचं असेल तर ते दोन महिने आधी, आणि त्यासाठी आपल्या नागपूरच्या पंचांगात एक फार सोयीची जागा आहे.

पोळा श्रावण अमावास्येला आणि लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला. मधे दोन चांद्रमास, म्हणजे ५९ दिवस, एखादा इकडेतिकडे. पोळ्याच्या करीला मारबती निघतात, चौथ्या दिवशी गणपती बसतात, अनंत चतुर्दशीपर्यंत ढोल, डीजे आणि फटाके चालतात. मग येतो पितृपक्ष. त्या पंधरवड्यात कोणी लग्न काढत नाही, वरात नाही, वास्तुपूजन नाही, पोट्टेही फटाके फोडत नाहीत. पावसाळ्यानंतरच्या मोसमात शहर इतकं शांत दुसऱ्या कुठल्याच पंधरवड्यात नसतं. कुत्र्याची खरी शाळा तेव्हा भरवायची. पुढचं सगळं मी याच क्रमाने सांगते.

आधी भीती ओळखायची आणि मोजायची

घाबरलेलं कुत्रं नेहमी थरथरतच असं नाही. उकाडा नसताना धापा टाकणं, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, झोप आली नसताना जांभया देणं, कान मागे चिकटवून खोलीत येरझाऱ्या घालणं, लाळ गळणं, आपल्या पायाला चिकटून बसणं, ही सगळी भीतीचीच लक्षणं. यातलं काहीच नीट कळत नसेल तर एक सोपी कसोटी आहे. त्याच्या सगळ्यात आवडीचा खाऊ, उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा पनीर, नाकासमोर धरा. एरवी ज्यावर झडप घालतं ते जर हुंगूनही बघत नसेल, तर भीती आता त्याच्या आवाक्याबाहेर गेली आहे. त्या क्षणी शिकवणं बंद करायचं.

वहीत मी "किती घाबरली" असं लिहीत नाही, कारण ते दर वेळी वेगळं वाटतं. मी लिहिते ती एकच वेळ: शेवटचा मोठा आवाज झाल्यापासून तिने खाऊ घेईपर्यंत किती मिनिटं गेली. सावरण्याची ही वेळ कमी होत असेल तर आपण बरोबर चाललो आहोत, मग आवाज झाल्याबरोबर ती दचकली तरी चालेल.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. कुत्रं म्हातारं असेल आणि आजवर फटाक्यांना न घाबरणारं एकाएकी घाबरायला लागलं असेल, तर आधी त्याचे सांधे, पाठ आणि दात तपासून घ्या. दचकलं की स्नायू आखडतात, आधीच दुखणाऱ्या जागी कळ जाते, आणि आवाज म्हणजे दुखणं अशी गाठ डोक्यात बसते. अशा कुत्र्याला कितीही शिकवलं तरी दुखणं थांबल्याशिवाय फरक पडत नाही.

मारबत ते अनंत चतुर्दशी: खोली तयार करायची

या पंधरा दिवसांत आवाजाचा सराव करायचा नाही, बाहेर खरा आवाज चालू असतो. या दिवसांत जागा तयार करायची.

जागा आपण ठरवायची नसते, कुत्र्याने आधीच ठरवलेली असते. बुंदीने बाथरूम निवडलं होतं, कारण घरात तेवढीच एक खोली बाहेरच्या भिंतीला लागून नाही. पूर्वी मी तिला तिथून ओढून बाहेर काढत असे, "ओल्यात बसू नकोस" म्हणत. ती माझी मोठी चूक होती. आता गणपती बसायच्या आधीच बाथरूम कोरडं करून तिथे जुनी गोधडी आणि पाण्याचं भांडं ठेवते, आणि दार पूर्ण उघडं राहील असं त्याला पाचर लावते. आत जाणं आणि बाहेर येणं दोन्ही तिच्या हातात असलं पाहिजे. दार लावलं की आसऱ्याचा पिंजरा होतो, आणि नखं तिथेच तुटतात.

दुसरं साधन आपल्या प्रत्येकाच्या घरी आहे: कूलर. दसऱ्याच्या आत आपण तो पुसून, ताट्या काढून माळ्यावर नाहीतर बाल्कनीत ठेवून देतो. यंदा ठेवू नका. पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा चालू केला की जो एकसुरी घरघराट होतो, त्यात लवंगीची लड, रॉकेटची शिटी, लांबचे बॉम्ब बरेचसे बुडून जातात. दोन अटी आहेत. कूलर खिडकीत बसवलेला असेल तर चालणार नाही, कारण त्यासाठी खिडकी उघडी राहते आणि जेवढा आवाज दबतो त्याहून जास्त आत येतो. तो खोलीच्या आत घ्यावा लागतो. आणि कूलर फक्त फटाक्यांच्याच वेळी लावला तर कुत्रं चार दिवसांत ओळखतं की घरघर सुरू झाली म्हणजे आता धमाके. म्हणून आतापासून रोज थोडा वेळ, काही कारण नसताना, तिच्या दुपारच्या झोपेत तो चालू ठेवायचा.

डीजेच्या बाबतीत मात्र कूलरचा भरवसा धरू नका. तो दणका इतक्या खालच्या सुराचा असतो की भिंतीतून आणि फरशीतून येतो, कानापेक्षा पोटाला जास्त जाणवतो. मिरवणुकीचा रस्ता घरावरून जात असेल तर त्या दोन-तीन तासांसाठी कुत्र्याला दुसऱ्या बाजूला राहणाऱ्या नातेवाइकांकडे नेणं हाच उपाय. आम्ही विसर्जनाच्या दिवशी बुंदीला दुपारीच बेसा भागात नणंदेकडे सोडतो. जागा ओळखीची हवी, म्हणून आधी दोनदा तिथे नुसती जाऊन येते.

या काळात अचानक फटाका फुटलाच तर? प्रत्येक आवाजाच्या लगेच मागून खाऊ द्यायचा. आनंदी आवाजात "अरे वा" म्हणायचं आणि चिकनचा तुकडा फरशीवर टाकायचा. आवाज आधी, खाऊ नंतर. पुढचा सगळा सराव याच एका क्रमावर उभा आहे.

पितृपक्ष: आवाजाची शाळा

आता मुख्य काम. याला लागणारं सामान थोडं आहे. एक ब्लूटूथ स्पीकर हवा. फोनचा स्पीकर चालत नाही, कारण बॉम्बचा खालचा "धम्म" त्यातून येतच नाही, नुसती "फट" येते. फटाक्यांच्या आवाजाची फाइल फोनमध्ये उतरवून घ्या. थेट इंटरनेटवरून वाजवू नका, मधेच जाहिरात येते आणि ती ठरवलेल्या आवाजाच्या तिप्पट जोराने ओरडते. सुटे बॉम्ब, लड, रॉकेट आणि ढोल-ताशा अशा चार वेगळ्या फाइली असतील तर उत्तम. खाऊ हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे करून एका डबीत ठेवायचा, आणि हा खाऊ या पंधरा दिवसांत सरावाखेरीज दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही.

पहिले दोन दिवस आवाज वाजवायचाच नाही. स्पीकर खोलीत ठेवून द्या आणि तिचं रोजचं जेवण त्याच्या जवळपास वाढा. मी पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून स्पीकर कपाटातून काढला की बुंदी उठून निघून जायला लागली. फटाक्याची भीती जायच्या आधी स्पीकरची भीती तयार झाली होती.

तिसऱ्या दिवशी सुटा बॉम्ब, आवाज फोनच्या पट्टीवर सगळ्यात खालच्या घरावर. आपल्याला जेमतेम ऐकू येईल इतकाच. कुत्र्याला आपल्यापेक्षा किती तरी वरच्या सुरांपर्यंत ऐकू येतं आणि बारीक आवाजही लवकर कळतो, म्हणून "मलाच ऐकू येत नाही, तिला काय येणार" असं समजू नका. तिचा एक कान हलला, मान किंचित वळली आणि पुन्हा जागेवर आली, एवढीच प्रतिक्रिया हवी.

आवाज होऊ द्या. मनात "एक" म्हणा. मग खाऊ द्या. पुन्हा शांतता, कधी वीस सेकंद तर कधी पाऊण मिनिट, ठरावीक अंतर नको. पुन्हा आवाज, "एक", खाऊ. असे आठ-दहा आवाज झाले की बसणं संपलं. पाच-सहा मिनिटांचा खेळ आहे, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. उत्साहाच्या भरात वीस मिनिटं ओढू नका.

खाऊचा क्रम उलटला तर काय होतं हे माझ्या मुलाने अनुभवलं. तो आधी हातात चिकन दाखवायचा, बुंदी जवळ आली की मग बटण दाबायचा. त्याला वाटायचं, खाताना तिचं लक्ष आवाजाकडे जाणार नाही. चौथ्या दिवशी चिकन दिसताच तिने शेपूट आत घेतली. तिच्या हिशेबाने चिकन ही येणाऱ्या आवाजाची वर्दी झाली होती. तीन दिवस नुसतंच चिकन, आवाजाशिवाय, देऊन ते निस्तरावं लागलं.

आवाज एक घर वर कधी न्यायचा? आवाज झाल्यावर ती आवाजाच्या दिशेने न बघता तुमच्या तोंडाकडे, डबीकडे बघायला लागली की. तो क्षण जवळून बघण्यासारखा असतो. आधी बॉम्ब वाजला की बुंदीच्या कपाळावर आठी पडायची आणि नजर खिडकीकडे जायची. सहाव्या दिवशी बॉम्ब वाजला, कान उभे झाले, नजर खिडकीकडे निघाली, अर्ध्यात थांबली आणि माझ्याकडे वळली. शेपटीचं टोक फरशीवर एकदा आपटलं. असं सलग तीन बैठकांत झालं तर पुढच्या बैठकीला एक घर वर. एका वेळी एकच घर.

आणि चुकलं तर कसं कळतं? तिने खाऊ उशिरा घेतला, किंवा हातातून घेताना एरवीपेक्षा जोरात ओढला, किंवा घेऊन तोंडातून खाली टाकला, तर आपण पुढे पळालो आहोत. माझ्या वहीत नवव्या दिवशीची नोंद आहे: "चौथ्या घरावर छान चाललं म्हणून थेट सातव्यावर गेले. दिवाणखाली गेली. चिकन घेतलं नाही." मग दोन दिवस पूर्ण सुट्टी दिली आणि दुसऱ्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. त्या घाईने मला पाच दिवस मागे नेलं. पंधरा दिवसांत आम्ही पट्टीच्या निम्म्यापर्यंतही पोचलो नव्हतो, आणि तरीही त्या वर्षीचा दसरा आधीच्या वर्षीपेक्षा बरा गेला.

सुटा बॉम्ब जमला की लड, मग रॉकेट. प्रत्येक नवा आवाज पुन्हा सगळ्यात खालच्या घरापासून. रॉकेटला शिटी आधी येते आणि स्फोट मागून, म्हणून शिटी वाजताच खाऊ द्यायला सुरुवात करा आणि स्फोटानंतर पुन्हा द्या. खोल्याही बदला. दिवाणखान्यात शिकलेलं स्वयंपाकघरात तिला आपोआप येत नाही.

या पद्धतीची मर्यादाही सांगते. स्पीकरमधून बॉम्बचा आवाज येतो; हवेचा धक्का, दारूचा वास, उजेडाचा लखलखाट येत नाही. काही कुत्री स्पीकरवरच्या आवाजाकडे ढुंकून बघत नाहीत आणि खऱ्या फटाक्याला मात्र तशीच थरथरतात. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासक स्टेफनी रीमर यांनी कुत्री पाळणाऱ्यांना विचारून केलेला जो अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आवाजाच्या फाइलींचा उपयोग झाला असं निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी सांगितलं. खरा फटाका फुटल्यावर त्याच क्षणी खाऊ किंवा खेळ देणाऱ्यांपैकी मात्र ७० टक्क्यांहून जास्त लोकांना फरक दिसला. म्हणून पितृपक्षातला सराव ही तयारी समजा. खरा गुण लागतो तो प्रत्येक खऱ्या धमाक्यामागून येणाऱ्या तुकड्याने, आणि ती सवय माणसाच्या हाताला लागावी म्हणूनही हा पंधरवडा हवा असतो.

नवरात्र, दसरा आणि औषधाचा प्रश्न

घटस्थापनेपासून सराव फक्त दुपारी, गरब्याचे भोंगे सुरू व्हायच्या आत. दसऱ्याला कस्तुरचंद पार्कवर आणि वस्त्यावस्त्यांत रावण जळतो, त्याच्या पोटात फटाके असतात, आणि ते तासाभरात संपतात. ही दिवाळीची रंगीत तालीम धरा. बुंदीच्या बाबतीत पहिल्या वर्षी दसऱ्याचा आकडा होता तीन तास, म्हणजे शेवटच्या आवाजानंतर तिने खाऊ घेईपर्यंत. पुढच्या वर्षी पन्नास मिनिटं.

दसऱ्याला सावरायला तास-दोन तासांच्या वर लागत असतील, किंवा कुत्रं स्वतःला इजा करत असेल, दार कुरतडत असेल, बाल्कनीतून उडी मारायला बघत असेल, तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जा. दिवाळीच्या आदल्या दिवशी नाही. सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, वस्तीतले डॉक्टर आहेत. वहीतल्या नोंदी आणि शक्य असेल तर घाबरलेल्या कुत्र्याचा फोनवर घेतलेला व्हिडिओ बरोबर न्या. दवाखान्यातल्या टेबलावर ते वेगळंच वागतं.

औषधाला कमीपणा मानू नका. भीतीने वेडंपिसं झालेल्या डोक्यात नवं काही शिरत नाही. औषधाने ती पातळी खाली आली तरच चिकनचा उपयोग होतो. पण औषध कोणतं, हे विचारायला हवं. नखं तुटली त्या वर्षी पाडव्याला एका डॉक्टरांनी आम्हाला गुंगीची गोळी दिली होती. बुंदी पाय पसरून पडून राहिली, घरच्यांना वाटलं झोपली. मी जवळ जाऊन बसले तर डोळे टक्क उघडे, बुबुळं मोठी झालेली, आणि प्रत्येक बॉम्बला कातडी शहारत होती. उठता येत नव्हतं, भीती तेवढीच होती. ते ॲसेप्रोमाझिन होतं हे मला नंतर कळलं. ते एकटं दिलं तर शरीर सुस्त होतं आणि भीती तशीच राहते. आता बरेच डॉक्टर गाबापेंटिन किंवा ट्राझोडोन यांसारखी, भीतीवर काम करणारी औषधं देतात. "हे फक्त झोपवतं की भीती कमी करतं?" असा सरळ प्रश्न विचारा.

मात्रा इथे मी मुद्दामच लिहीत नाही. ती वजनावर, वयावर, मूत्रपिंड-यकृतावर आणि चालू असलेल्या इतर औषधांवर ठरते. माणसांची झोपेची गोळी, शेजारच्यांच्या लॅब्रेडॉरची उरलेली गोळी, सर्दीचं सिरप, यातलं काही देऊ नका. माणसांच्या पातळ औषधांत कधी झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्याला विषासारखा आहे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची चाचणी कोजागिरीच्या सुमारास एखाद्या शांत दुपारी घ्या, तुम्ही दिवसभर घरी असाल तेव्हा. ते किती वेळात चढतं, चालताना झोकांड्या जातात का, उलट बेचैन होतं का, हे तेव्हाच कळायला हवं. आणि ही औषधं भीती बसायच्या आधी पोटात गेली पाहिजेत. डॉक्टर साधारण तास-दोन तास आधीची वेळ सांगतात. धमाके सुरू झाल्यावर दिलेली गोळी बहुतेक वाया जाते.

दिवाळीचे दिवस

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. तुमच्या गल्लीत प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, वेळापत्रक त्यावर बेता. आणि एक वेळ बहुतेक लोक विसरतात: पहिल्या अंघोळीची पहाट. नरक चतुर्दशीला चार-साडेचारलाच पोट्टे खाली उतरतात. त्या पहाटे कुत्र्याला फिरायला नेलं तर ते अंधारात, मोकळ्या रस्त्यावर, पहिल्या बॉम्बला सापडतं.

बरीच कुत्री दिवाळीत हरवतात ती अशीच. घाबरलेलं कुत्रं मान मागे खेचून गळ्यातल्या पट्ट्यातून क्षणात निसटतं. या आठवड्यात छातीचा पट्टा आणि गळ्याचा पट्टा दोन्ही घाला, दोन्हींना दोरी लावा, आणि गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला असू द्या. घरातही, पाहुण्यांसाठी दार उघडताना कुत्रं आतल्या खोलीत हवं. बाल्कनीत बांधून ठेवणं तर अजिबात नको.

खाली फटाके उडवणाऱ्या मुलांशी भांडण्यापेक्षा बोलणं कामाचं ठरलं. मी वसुबारसेलाच त्यांना चिवड्याची डबी देऊन सांगितलं, की तुम्ही फोडा, फक्त मोठी लड लावायच्या आधी मला आवाज द्या. आता त्यांच्यातला मोठा खालून ओरडतो, "काकू, आता लड लावून राह्यलो आमी, बुंदीले घ्या आत!" त्या अर्ध्या मिनिटात मी डबी घेऊन तिच्याजवळ पोचते. धमाका कधी होणार हे माणसाला कळलं तर खाऊ वेळेवर पोचतो. फराळाचं ताट मात्र तिच्या तोंडापासून लांब ठेवा. लाडवातले बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात.

मागच्या लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ अशी गेली. दुपारी साडेचारला लांब फेरी, दोन्ही पट्टे घालून, शी-शू उरकून. साडेपाचला जेवण, त्यासोबत डॉक्टरांनी ठरवून दिलेली गोळी. सहाला सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढले, घरातले दिवे पूर्ण लावले म्हणजे बाहेरचा लखलखाट आत ठळक दिसत नाही. सव्वासहाला कूलरचा पंखा सुरू. पूजा आम्ही आळीपाळीने केली; एक माणूस कायम डबीसह बुंदीजवळ. पावणेसातला पहिला सुतळी बॉम्ब. ती उठून बाथरूममध्ये गेली, उंबऱ्याशी थांबली, वळून माझ्याकडे बघितलं. तुकडा टाकला, तिने खाल्ला. साडेआठ ते साडेनऊ फार आवाज होते. त्यात वीसेक मिनिटं तिने खाऊ नाकारला आणि गोधडीवर धापा टाकत बसली. तेव्हा मी सराव सोडला, फरशीवर तिच्या शेजारी बसले. तिने डोकं माझ्या मांडीवर ठेवलं, मी मानेवरून सावकाश हात फिरवत राहिले.

इथे कोणी ना कोणी म्हणतंच, "लाड नका करू वहिनी, अजून भेदरते मग ती." हे खरं नाही. भीती ही काही शेकहँडसारखी शिकवलेली कृती नाही, की कुरवाळल्याने ती पुन्हा करायची सवय लागेल. कुत्रं जवळ येत असेल तर जवळ घ्या. फक्त घट्ट मिठीत दाबून धरू नका, त्याला सुटता आलं पाहिजे. आणि ते आडोशाला बसलं असेल तर तिथून ओढू नका.

शेवटची लड बाराला दहा मिनिटं कमी असताना वाजली. बुंदीने पनीरचा तुकडा घेतला बारा वाजून चार मिनिटांनी. वहीत आकडा पडला चौदा मिनिटं. पहिल्या वर्षी तो चाळीस तास होता. ती अजूनही दचकते, अजूनही बाथरूममध्ये जाते, आणि बहुधा पुढेही जाईल.

पाडव्याला शहर झोपलेलं असतं तेव्हा तिला जरा उशिराच, उजेड पडल्यावर, निवांत फिरवून आणा. रस्त्यावर न फुटलेल्या लडी आणि दारूचा चुरा पडलेला असतो, तो हुंगू देऊ नका. सराव लगेच बंद करू नका, कारण उरलेले फटाके तुळशीच्या लग्नापर्यंत फुटत राहतात आणि त्यानंतर वरातींचा हंगाम लागतो. आठवड्यातून दोनदा, मधल्या घरावर, पाच आवाज आणि पाच तुकडे एवढं पुरतं. आमची डबी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ३१ डिसेंबरपर्यंत भरलेली असते.